बेंदूर आणि दसरा यांच्या मधल्या दिवसांबद्दल : सांगली जिल्ह्यातील अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, तसेच जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ तालुक्यांत काम करणारे सर्व तहसीलदार व गटविकास अधिकारी,
जिल्हा सांगली

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त कनिष्ठ अभियंता आहे. नोकरीची बरीच वर्षं रोजगार हमीच्या कामांची अंदाजपत्रकं करण्यात आणि मोजमाप पुस्तिका भरण्यात गेली. आपल्यापैकी काही जण नुकतेच रुजू झाले आहेत, काहींची बदली पुढच्या वर्षी होईल. दुष्काळी तालुक्यात आल्यावर आपल्याला पहिल्याच आठवड्यात योजनांची यादी, उद्दिष्टांचे तक्ते आणि खर्चाची टक्केवारी दाखवली जाते. त्या तक्त्यांत जे दिसत नाही, ते सांगावं म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय एकच आहे : जतसारख्या तालुक्यातला मजूर गाव सोडून ऊसतोडीला जातो, तेव्हा आपलं कार्यालय त्या वेळी नेमकं कुठे असतं.

रोजगार हमी ही सांगली जिल्ह्यात परक्यासारखी आलेली योजना नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तिचा पहिला प्रयोग 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात झाला. 1972 च्या दुष्काळात तोच विचार राज्यभर पोचला. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकार घालू लागलं. केंद्राचा कायदा त्यानंतर 2005 मध्ये आला. योजनांची नावं बदलत राहतील, निधीचे वाटे दिल्लीत आणि मुंबईत ठरत राहतील. तालुक्याच्या पातळीवर मात्र काम तेच राहतं : मजुराची मागणी नोंदवायची, काम मंजूर करायचं, हजेरी घ्यायची, मोजायचं आणि पैसे काढायचे. ही साखळी पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि ती तुटते तीही बहुतेक वेळा आपल्याच टेबलावर.

आधी पैशांचा हिशोब मांडतो, कारण अधिकाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य मी सतत ऐकलं आहे : “इथल्या लोकांना हमीचं काम नकोच आहे, ऊसतोडीत जास्त मिळतं.” जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांवर गेला. नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटे फडात शिरून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि गाडी भरते. म्हणजे दोघांचे मिळून साधारण 550 ते 730 रुपये होतात. महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता, दोघांचे 624. आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत. त्यात फडावरच्या जोडीला पहाटेची थंडी, पालातली झोप, मुलांची बुडालेली शाळा आणि दुखण्याखुपण्याला हाताशी कोणी नसणं सोसावं लागतं. तरीही माणूस जातो, कारण त्याला उचल मिळते.

आपल्या भागात आषाढातला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, सरला की मुकादम गावोगावी फिरायला लागतो. घरात लग्न ठरलेलं असतं, बोअरवेलचं कर्ज थकलेलं असतं, दवाखान्याचं बिल असतं. मुकादम जोडीला लाखाच्या घरात रोख उचल देतो आणि त्या क्षणी त्या कुटुंबाचा पुढचा हंगाम ठरून जातो. दसऱ्यापर्यंत बहुतेक जोड्या बांधल्या गेलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी भरली जातात आणि वस्ती रिकामी होते. उचल घेतलेल्या माणसाला डिसेंबरात तुम्ही दारात काम आणून दिलं, तरी तो ते घेऊ शकत नाही. म्हणून या तालुक्यांत हमीचं काम बेंदूर ते दसरा या जवळपास तीन महिन्यांत उभं राहिलं नाही, तर त्या वर्षापुरतं ते बहुतांशी वाया गेलं असं समजावं.

आता आपली कार्यालयीन दिनदर्शिका पाहा. एप्रिल-मे महिन्यांत टंचाईच्या बैठका होतात. जून-जुलैत बदल्यांचा हंगाम असतो, नवा अधिकारी येतो, टेबलं बदलतात. ऑगस्टमध्ये ग्रामसभा, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी. सप्टेंबरात गणपती. खर्चाचा जोर जानेवारीपासून वाढतो आणि मार्चमध्ये शिगेला पोचतो, तेव्हा निम्मं गाव फडावर असतं. अशा वेळी काम कोण करतं, हे आपण सगळे जाणतो. यंत्र येतं, आणि हजेरीपटावर अशा माणसांची नावं येतात ज्यांनी फावडं हातात धरलेलं नसतं. मार्चचा खर्च भरघोस दिसला, तर अभिनंदनाआधी त्याच महिन्यांतलं गावातलं शाळेचं पटगळतीचं रजिस्टर किंवा हंगामी वसतिगृहाची यादी मागवा. ज्या घरातली मुलं आईवडिलांसोबत फडावर गेली आहेत किंवा मागे वसतिगृहात राहिली आहेत, त्याच घराची नावं हजेरीपटावर सापडली तर पुढे काही विचारायची गरज राहत नाही.

एका गावाची गोष्ट सांगतो. दुष्काळी पट्ट्यातलंच गाव आहे, नाव घेत नाही, कारण दोष एका गावाचा किंवा एका कार्यालयाचा नाही. गायरानावर सलग समतल चर खोदायचं काम आराखड्यात होतं. वरून बोटभर माती आणि खाली कठीण मुरूम, अशी ती जमीन. जुलैच्या अखेरीस गावातल्या चाळीसेक बायाबापड्यांनी ग्रामरोजगार सेवकाकडे काम मागितलं. त्याने नावं वहीत लिहून घेतली. नमुना 4 भरला गेला नाही, त्यामुळे नमुना 5 ची दिनांकित पोचही कुणाला मिळाली नाही. पोच नाही म्हणजे संगणकात मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणजे पंधरा दिवसांत काम देण्याचं बंधनही सुरू झालं नाही. अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसाठी गेलं ते अभियंत्याच्या टेबलावर राहिलं, कारण त्याच्याकडे दुसऱ्या तालुक्याचा अतिरिक्त कार्यभार होता. प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा गणपती उठले होते. ई-मस्टर निघालं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर चाळीसातल्या बहुतेक जोड्यांनी उचल घेतली होती. कामावर आले ते म्हातारे, ज्यांना मुकादम घेत नाही, आणि लहान मूल असलेल्या दोन-तीन बाया.

त्यांचं पुढे काय झालं, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण दुसरी गळती तिथे आहे. हमीच्या कामात मजुरी दिवसावर ठरत नाही, मोजमापावर ठरते. किती घनमीटर खोदलं आणि कोणत्या प्रकारच्या जमिनीत खोदलं, यावर दर लागतो. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर वेगवेगळे असतात. समजा दहा मजुरांनी सहा दिवसांत 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा 300 मीटर चर काढला. घनफळ झालं 54 घनमीटर. कठीण मुरमाच्या दराने मोजलं आणि 312 चा दर पूर्ण पडला, तर साठ दिवसांच्या श्रमाचे 18,720 रुपये होतात. आता मोजणाऱ्याने वहीत कठीण मुरमाऐवजी मऊ मुरूम लिहिलं आणि त्याचा दर दोन तृतीयांश आहे असं धरलं, तर तीच मेहनत 12,480 रुपयांची होते. माणशी दिवसाला 208. खोली तीच, रुंदी तीच, हाताला आलेले फोड तेच. फक्त मोजमाप पुस्तिकेतला एक शब्द वेगळा.

हा शब्द चुकीचा का लिहिला जातो? लबाडीने लिहिला जातोच असं नाही. एका तांत्रिक सहाय्यकाकडे कितीतरी गावं असतात. जत तालुक्यात शंभराहून अधिक गावं आहेत, आणि क्षेत्रफळाने तो जिल्ह्याचा जवळपास चौथा हिस्सा आहे. मोजणारा माणूस काम संपल्यावर पंधरा-वीस दिवसांनी पोचतो. मधे परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, चराच्या कडा ढासळून तळात गाळ बसलेला असतो. तो टेप लावतो, तर खोली 30 ऐवजी 24 भरते आणि वर दिसते ती माती. खालचा मुरूम कुणाला दिसत नाही. म्हणून चुकीची दुरुस्तीही तिथेच आहे. काम चालू असताना, त्याच आठवड्यात, टोळीच्या समोर मोजायचं. चरात ठरावीक अंतरावर न खोदलेला मातीचा खुंट साक्षीला सोडायचा, म्हणजे मूळ जमीन कुठे होती आणि खाली कोणता थर लागला, ते नंतर पाहणाऱ्यालाही कळतं. पहिल्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन थर ठरवायचा आणि तो टोळीतल्या एका शिकल्यासवरल्या बाईच्या सहीने कागदावर आणायचा. हे सगळं जुन्या अभियंत्यांना ठाऊक आहे. ते होत नाही, कारण वरून त्याची विचारणा होत नाही. वरून विचारलं जातं ते मनुष्यदिवस किती झाले एवढंच.

दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी घ्यायची पद्धत 2023 पासून सक्तीची झाली. तिचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण फोटोत डोकी मोजता येतात, चर किती खोल गेला आणि कशातून गेला ते फोटोत दिसत नाही. त्यात आपल्या पूर्व भागातल्या माळावर मोबाइलला रेंज नसते, आणि फोटो चढला नाही म्हणून पूर्ण दिवस राबलेल्या बाईची हजेरी बुडते. अशी हजेरी हाताने दुरुस्त करण्याचे अधिकार जिल्ह्याच्या पातळीवर कोणाकडे आहेत, ते प्रत्येक ग्रामरोजगार सेवकाला माहीत हवं. आज त्यातल्या अनेकांना ते माहीत नसतं, आणि विचारायला गेलं तर टेबलाटेबलावर टोलवलं जातं.

त्या गावातल्या म्हाताऱ्यांना माणशी दिवसाला दोनशेच्या आसपास पडले, आणि तेही दिवाळी होऊन गेल्यावर खात्यात आले. पुढच्या वर्षी त्या गावात कुणी काम मागितलं नाही. त्या तालुक्याच्या अहवालात त्या गावासमोर “मागणी निरंक” असं आलं. आपल्यासमोर जेव्हा निरंक मागणीची गावं येतील, तेव्हा तिथे गरज नाही असा अर्थ कृपा करून काढू नका. त्या शब्दामागे बहुधा एखादी न दिलेली पोच आणि एखादं चुकीचं मोजमाप असतं.

मागणीची नोंद खरी आहे की बनावट, हे कार्यालयात बसूनही ओळखता येतं. संगणकातली मागणीची तारीख आणि हजेरीपट सुरू झाल्याची तारीख शेजारी ठेवून पाहा. गावागावांत दोन्हीत एक-दोन दिवसांचंच अंतर दिसत असेल, तर समजावं की काम मंजूर झाल्यावर मागणी भरली गेली आहे. खऱ्या मागणीत अंतर असतं, ते कमीजास्त असतं, आणि मागणी एकाच गावातून वेगवेगळ्या तारखांना येते. दुसरी खूण म्हणजे बेरोजगार भत्ता. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा भत्ता राज्याने द्यायचा असतो. दुष्काळी तालुक्यात वर्षानुवर्षं एकालाही हा भत्ता मिळालेला नसेल, तर तिथलं काम इतकं चोख असतं म्हणून नव्हे. पोचच दिली जात नाही म्हणून तो मिळत नाही. भत्ता राज्याच्या तिजोरीतून जातो, त्यामुळे खालच्या कर्मचाऱ्याला भीती वाटते की आपल्यावर ठपका येईल. ही भीती आपण, म्हणजे वरच्यांनीच काढायची आहे. वेळेत नोंदवलेल्या मागणीबद्दल कुणावर कारवाई होणार नाही, उलट पोच न दिल्याबद्दल होईल, एवढं एक पत्र जिल्ह्यातून निघालं तरी पुष्कळ फरक पडेल.

पोचेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जतच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत कन्नड बोललं जातं. मराठी नमुन्यावर अंगठा देणाऱ्या बाईला आपण काय मागितलं, किती दिवसांचं मागितलं, हे कळत नाही. नमुना 4 मागच्या बाजूला कन्नडमध्ये छापून द्यायला फार खर्च येत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता असं सांगितलं, तेव्हा महाराष्ट्रात सगळ्यांना या गावांची एकदम आठवण झाली. ते ठराव पाण्यासाठीच्या रागातून आले होते. असा राग निर्माण होतो तो विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांत नाही, तर तलाठी कार्यालयाच्या आणि पंचायत समितीच्या पायरीवर, जिथे आपलं बोलणं कुणाला समजत नाही.

मंजुरीच्या वेळेबद्दल कायदाच पुरेसा स्पष्ट आहे. बदल्यांचं नियमन करणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम आपल्याला बदलीच्या संदर्भात पाठ असतो, पण त्याच अधिनियमाचं दहावं कलम विलंबाबद्दल आहे. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहता कामा नये, असं त्यात आहे. चराच्या कामाचं अंदाजपत्रक किती पानांचं असतं? शाखा अभियंता, उपअभियंता आणि गटविकास अधिकारी, तिघांनी सात-सात दिवस घेतले तरी महिन्याच्या आत काम मंजूर होतं. जुलैच्या सुरुवातीला पाठवलेली फाइल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पक्की, म्हणजे बहुतेक जोड्या बांधल्या जाण्याआधी. यासाठी नवी योजना लागत नाही, नवा निधी लागत नाही. लागतो तो आठवड्यातून एक दिवस, ज्या दिवशी तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी फक्त रोहयोच्या फायली समोर घेऊन बसतो आणि प्रत्येक फाइल कोणाकडे किती दिवस आहे हे विचारतो. जिल्हाधिकारी हे जिल्हा कार्यक्रम समन्वयक असतात, मुख्य कार्यकारी अधिकारी सहसमन्वयक. तालुक्यात तहसीलदार कार्यक्रम अधिकारी, तर गटविकास अधिकारी सहकार्यक्रम अधिकारी. महसूल आणि जिल्हा परिषद या दोन यंत्रणांमध्ये हे काम वाटलेलं असल्यामुळे प्रत्येकाला आपण दुय्यम आहोत असं म्हणायची सोय आहे. माझी अगदी मनापासून विनंती आहे की ही सोय कुणी वापरू नये.

मजुरी देण्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात आपल्या हाताबाहेरचं बरंच आहे. हजेरीपट संपल्यावर आठ दिवसांत नोंदी, मोजमाप, वेतनयादी आणि दोन डिजिटल सह्या होऊन निधी हस्तांतरणाचा आदेश निघायला हवा, ही आपली जबाबदारी. त्यानंतर पैसे केंद्राकडून थेट खात्यात येतात. तिथे उशीर झाला तर तालुक्यातला कुणीही काही करू शकत नाही, आणि हे मजुराला खरं सांगायला हवं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानच्या खटल्यात सांगितलं की हा दुसऱ्या टप्प्यातला उशीरही मजुराचाच उशीर आहे आणि त्याची भरपाई त्याला मिळायला हवी. भरपाईचा दर मात्र दिवसाला 0.05 टक्के आहे. सहा दिवसांच्या 1,872 रुपयांवर एका दिवसाला एक रुपयाही होत नाही, महिनाभर उशीर झाला तर साधारण 28 रुपये. हा दर बदलणं दिल्लीच्या हातात आहे. पण आपल्या आठ दिवसांतले पाच दिवस मोजमापाची वाट पाहण्यात जातात, ते वाचवणं सांगलीच्या हातात आहे.

काय काम काढायचं, यावरही थोडं बोलायला हवं. जिल्ह्यात म्हैसाळ आणि टेंभू योजनांचं पाणी पुढे सरकत आहे, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, पण मोठा कालवा आल्यावर शेतापर्यंत पाणी नेणारी चारी आणि बांधबंदिस्ती कुणी करायची? ती खरी श्रमाची कामं आहेत. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या गावांनी जून-जुलैमध्ये त्यांचे प्रस्ताव आधीच तयार ठेवले, तर बेंदरानंतर पहिल्याच आठवड्यात काम निघू शकतं. याउलट ज्या गावांत कालवा पोचायला अजून वेळ आहे, तिथे माथ्यावरून पायथ्याकडे येत पाणलोटाची कामं करणं आवश्यक आहे. आधी डोंगरावरचे चर, मग बांधबंदिस्ती, मग नाल्यावरचं काम, हा क्रम मोडून थेट खाली नाला रुंद करायला यंत्र लावलं, की वरून येणारी माती दोन-तीन पावसांत नाला भरून टाकते. शिवाय यंत्राच्या कामात गावच्या माणसाला मजुरी मिळत नाही, म्हणजे पाणीही टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही. 60 टक्के मजुरी आणि 40 टक्के साहित्य हे प्रमाण नियमात आहे, पण ते जिल्ह्याच्या सरासरीत जमवता येतं. म्हणून सरासरी न बघता, जिथून लोक ऊसतोडीला जातात त्या गावांत चर-बांधांची कामं किती, हे वेगळं पाहा.

आपल्या अधिकारांना मर्यादा आहेत याची मला जाणीव आहे. उचलीइतके रोख पैसे हमीचं काम देऊ शकत नाही. पण उचल कशासाठी घेतली जाते ते पाहिलं, तर त्यातली काही गरज लहान असते : दोन-तीन महिन्यांच्या किराण्याची, शाळेच्या खर्चाची, एखाद्या बारीकशा कर्जाची. अशा जोड्यांनाच काम आधी मिळालं, तर त्या थांबू शकतात. लग्नासाठी किंवा जुन्या कर्जासाठी लाखाची उचल घेणारा थांबणार नाही, आणि त्याला थांबवू शकतो असं मी म्हणत नाही. प्रत्येक गावातून आठ-दहा घरं जरी थांबली, तर त्या गावची शाळा, अंगणवाडी आणि आजारी म्हातारी माणसं यांचं चित्र वेगळं दिसेल. मजूर काम करायला तयार असतो. त्याला काम आहे असं कळायला हवं, आणि ते मुकादमाच्या आधी कळायला हवं.

म्हणून आपल्याकडे मागणं एवढंच आहे. जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या तीन तालुक्यांतल्या ज्या गावांतून ऊसतोडीचे कोयते जास्त निघतात, त्यांची यादी साखर आयुक्तालयाकडे आणि कारखान्यांकडे मागा. कारखान्यांकडे मुकादमांची नावं असतात. त्या गावांसाठी प्रत्येकी किमान दोन श्रमप्रधान कामं जून संपण्याआधी तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यतेसह तयार ठेवा. ग्रामसेवकाला, ग्रामरोजगार सेवकाला आणि तांत्रिक सहाय्यकाला एकत्र बसवून, बेंदरानंतरच्या पहिल्या सोमवारी गावातच बैठक घ्या, आणि तिथेच नमुना 4 भरून नमुना 5 ची पोच लोकांच्या हातात द्या. ग्रामरोजगार सेवकाचं मानधन वर्षानुवर्षं मजुरीवरच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरत होतं. तो कमी पगारात खरं काम करतो, त्याला त्या दिवशी तुमच्या शेजारी बसवा. मोजमाप सात दिवसांनी नक्की होईल, आणि ते टोळीसमोर होईल, हे त्याच बैठकीत सांगा. तुम्ही स्वतः एकदा, काम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात, एखाद्या चरावर टेप घेऊन उतरा. जिल्हाधिकाऱ्यांनी चरात उतरून थर पाहिला ही बातमी तालुक्यातल्या सगळ्या मोजणाऱ्यांपर्यंत एका दिवसात पोचते, आणि पुढचं वर्षभर पुस्तिकेत माती लिहायच्या आधी माणूस जमीन बघतो.

नवी नेमणूक झालेल्या अधिकाऱ्यांना विशेष सांगणं आहे. आपला कार्यकाळ सामान्यतः तीन वर्षांचा आहे. त्यातला पहिला बेंदूर बहुधा तालुका समजून घेण्यात जाईल. म्हणून आल्याबरोबर, चार्ज घेतानाच, मागच्या वर्षीच्या मंजूर कामांची यादी, त्यातली कोणती कामं सुरूच झाली नाहीत, आणि नमुना 5 ची गावनिहाय संख्या, हे तीन कागद मागून घ्या. ते आपल्याला कुणी आपणहून देणार नाही.

येत्या बेंदराच्या आत हे कागद आपल्या टेबलावर यावेत, अशी विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता,
तासगाव तालुका